एका ठोशाची कुळकथा

जपानी ॲनिमेशनमधला ठोसा लगेच ओळखू येतो. मूठ मागे जाते, पडद्यावर काळा-पांढरा लखलखाट होतो, मागचं दृश्य पुसलं जाऊन तिथे नुसत्या रेघा धावू लागतात आणि मारणारा आहे त्या पवित्र्यात गोठून राहतो. इम्पॅक्ट फ्रेम, स्पीड लाइन्स आणि होल्ड या तिघांची कुळं मात्र वेगवेगळी आहेत. त्यातला सर्वांत प्रभावी होल्ड तर पैशांच्या आणि वेळेच्या ओढाताणीतून जन्माला आला.

१ जानेवारी १९६३ला ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘टेत्सुवान ॲटम’ ही मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा होता. फिल्मला सेकंदाला २४ फ्रेम लागतात. मुशीत एकच चित्र सलग तीन फ्रेम वापरायचं ठरलं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त आठ चित्रं. जिथे जमेल तिथे एकाच स्थिर चित्रावर काम भागवायचं. ही निव्वळ काटकसर होती.

तिची कला केली ओसामू देझाकी यांनी. ते मुशीतच तयार झाले आणि १९७०मध्ये ‘आशिता नो जो’ ही बॉक्सिंगची मालिका त्यांनी दिग्दर्शित केली. निर्णायक क्षणी ते हालचाल थांबवत आणि ते चित्र खरखरीत रेघांनी, रंगचित्रासारखं रंगवून घेत. एकच शॉट लागोपाठ तीनदा दाखवण्याची त्यांची पद्धतही प्रसिद्ध आहे. बचतीसाठी वापरलेलं स्थिर चित्र आणि मुद्दाम थांबवलेलं चित्र यांतला फरक प्रेक्षकाला त्यांच्यामुळे कळला.

रेघा आल्या छापील चित्रकथांमधून. जर्मन चित्रकार विल्हेल्म बुश यांनी १८६५च्या ‘डेअर व्हिर्टुओस’मध्ये पियानोवादकाच्या हातांची धांदल रेघांनी आणि अनेक हात काढून दाखवली होती. मांगामध्ये या रेघांचे दोन प्रकार रुळले: धावण्यासाठी समांतर आणि आघातासाठी एका बिंदूकडे झेपावणाऱ्या. ॲनिमेशनमध्ये त्या लांब पट्टीवर काढून पात्रामागून सरकवल्या, की पार्श्वभूमी रंगवायचं कामही वाचत असे.

लखलखाटाला एकच जनक नाही. पण १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात योशिनोरी कानादा यांनी मधली चित्रं गाळून एका टोकाच्या पोझमधून थेट दुसऱ्या टोकाला उडी मारायला आणि प्रकाशाला धारदार आकार द्यायला सुरुवात केली. पुढच्या ॲनिमेटरांवर त्यांची मोठी छाप पडली.

आता एक ठोसा २४ फ्रेमच्या हिशेबात मांडून बघू. मूठ मागे खेचलेली पोझ आठ फ्रेम धरा, म्हणजे डोळा तिथे स्थिरावतो. मग एकच फ्रेम: ताणून लांबवलेला, धूसर हात. त्यानंतर दोन इम्पॅक्ट फ्रेम, पहिलीत काळ्यावर पांढरी रेघ, दुसरीत त्याच्या उलट. मूठ गालाला टेकल्याचं चित्र मध्ये घालू नका. मूठ थेट गालापलीकडे गेलेली दाखवा. टेकल्याच्या चित्रावर रेंगाळलात, की मूठ तिथे अडल्यासारखी वाटते आणि जोर निघून जातो. शेवटी बारा-तेरा फ्रेमचा होल्ड: मारणारा स्थिर, पण केस आणि कपडे किंचित सरकत राहतात आणि मागच्या रेघा दर दोन फ्रेमला बदलतात. काहीच हललं नाही, तर फिल्म अडकल्यासारखी वाटते.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. रेघांचा केंद्रबिंदू आघाताच्या जागेवर नसला, तर नजर भलतीकडे जाते. इम्पॅक्ट फ्रेममधल्या आकृतीची बाह्यरेषा वाचता येत नसली, तर नुसता पडदा लुकलुकल्याचा भास होतो. तपासायला त्या फ्रेममधल्या आकृत्या काळ्या भरून बघाव्यात. कोण कोणाला मारतोय हे तरीही कळलं पाहिजे.

या लखलखाटाला एक कडक मर्यादाही आहे. १६ डिसेंबर १९९७ला ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल आणि निळ्या रंगांची अतिवेगवान उघडझाप झाली आणि जपानभर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. १९९८मध्ये तिथल्या प्रसारकांनी नियम केले: सर्वसाधारणपणे सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत आणि लाल रंगाबाबत विशेष काळजी. त्यामुळे ठोशांची सरबत्ती असेल, तर प्रत्येक ठोशाला इम्पॅक्ट फ्रेम लावू नका. ती शेवटच्या, सामना संपवणाऱ्या ठोशासाठी राखून ठेवा. बाकीच्यांना रेघा आणि होल्ड पुरतात.