चक्रज: चाकाच्या एका फेऱ्याचा हिशेब

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. त्या धावेवर एका ठिकाणी चुन्याचा ठिपका द्या आणि गाडी सपाट रस्त्यावरून हाका. ठिपका आधी जमिनीला टेकलेला असतो, मग वर चढतो, चाकाच्या माथ्यावर पोचतो, पुढे झुकतो आणि पुन्हा जमिनीला टेकतो. हवेत त्याने जी कमान काढली ती म्हणजे चक्रज. शब्द चांगला आहे: चाकापासून जन्मलेला. चाक माणसाकडे हजारो वर्षांपासून होते, पण या कमानीखाली किती जागा मावते आणि कमान किती लांब आहे, हे दोन प्रश्न सुटायला सतरावे शतक उजाडावे लागले.

गॅलिलिओने १६४० मध्ये कॅव्हालिएरीला लिहिले की या वक्राचा विचार आपण पन्नास वर्षांपूर्वीपासून करत आहोत, आणि ही कमान पुलाला शोभून दिसेल. तिचे क्षेत्रफळ काढायचा त्याचा उपाय अगदी कारागिराचा होता. कमानीचा आकार कापून घ्यायचा, ज्या चाकाने ती काढली त्या वर्तुळाचाही आकार त्याच जाडीचा कापायचा आणि दोन्ही तराजूत घालायचे. कमान वर्तुळाच्या जवळजवळ तिप्पट भरली. पण ‘जवळजवळ’च. त्यामुळे त्याला वाटले की हे गुणोत्तर नेमक्या पूर्णांकात बसणारे नसावे, आणि त्याने तो नाद सोडला. तराजूने त्याला बरोबर उत्तर दिले होते, त्याचा विश्वास मात्र बसला नाही.

आता एक बारकी गोष्ट पाहा. कात्री कुठे चालवायची हे गॅलिलिओला ठरवावेच लागले असणार. चक्रज एका कमानीवर संपत नाही. गाडी चालत राहिली की कमानींमागून कमानी येत राहतात. कात्री चालते ती ठिपका जमिनीला टेकला तिथून तो पुन्हा टेकला तिथपर्यंत, म्हणजे चाकाच्या बरोबर एका फेऱ्यावर. आज आपण ‘प्रचलाच्या सीमा’ म्हणतो त्या हीच कात्री. प्रचल म्हणजे इथे चाक किती फिरले तो कोन. त्याला t म्हणू आणि चाकाची त्रिज्या r धरू. मग ठिपक्याची जागा अशी मिळते:

x = r(t − sin t),  y = r(1 − cos t)

t = 0 ला ठिपका जमिनीवर, t = π ला 2r उंचीवर, t = 2π ला पुन्हा जमिनीवर. या सीमा सूत्रातून आपोआप बाहेर पडत नाहीत. त्या चाकाकडे पाहून ठरवाव्या लागतात.

क्षेत्रफळाचा प्रश्न पॅरिसमध्ये रॉबेर्व्हालने १६३४च्या सुमारास सोडवला आणि छापला मात्र नाही. त्याचे कारण गणिताबाहेरचे होते. तो ज्या आसनावर प्राध्यापक होता ते दर तीन वर्षांनी स्पर्धेला खुले होत असे, आणि स्पर्धेचे प्रश्न आसनावर बसलेल्यानेच काढायचे असत. ज्याचे उत्तर फक्त आपल्याला येते असा प्रश्न गाठीशी असला की नोकरी पक्की! पुढे १६४४ मध्ये टोरिचेल्लीने स्वतःच्या रीतीने तेच उत्तर छापले, तेव्हा रॉबेर्व्हालने चोरीचा आरोप केला. गुप्त ठेवलेले कोणी चोरले हे सिद्ध करणे अवघड असते, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

पण त्याची युक्ती मात्र फार देखणी आहे. ठिपक्याच्या गतीत दोन गती मिसळलेल्या आहेत: गाडीबरोबर सरळ पुढे जाणे आणि आसाभोवती फिरणे. रॉबेर्व्हालने त्या वेगळ्या केल्या. त्याने दुसरा एक ठिपका कल्पिला, जो चुन्याच्या ठिपक्याइतकाच वर-खाली होतो, पण आडवा मात्र आसाबरोबरच सरकतो. म्हणजे x = rt, y = r(1 − cos t). या ठिपक्याची रेषा म्हणजे चक्रजाची सोबतीण. तिच्याकडे चाकाचा अर्धा फेरा झाला तेवढ्यापुरतेच बघू. लांबी πr आणि उंची 2r असलेला आयत घेतला तर ही रेषा त्याचे बरोबर दोन सारखे भाग करते, कारण ती मध्यबिंदूभोवती उलटीसुलटी सारखीच आहे. म्हणून तिच्याखालचे क्षेत्रफळ πr².

आता चक्रज आणि सोबतीण यांच्यामधली पट्टी उरली. कुठल्याही उंचीवर या दोघींमधले आडवे अंतर r sin t असते, आणि वर्तुळाच्या अर्ध्या भागाची त्याच उंचीवरची रुंदीही तेवढीच. प्रत्येक उंचीवर रुंदी सारखी असेल तर क्षेत्रफळ सारखे. म्हणून पट्टीचे क्षेत्रफळ अर्ध्या वर्तुळाइतके, म्हणजे πr²/2. दोन्ही मिळून दीड πr², आणि पूर्ण कमानीचे त्याच्या दुप्पट, 3πr². गॅलिलिओची तिप्पट अगदी नेमकी होती.

आजचा विद्यार्थी हेच दोन ओळींत करतो. ∫ y dx मध्ये dx = r(1 − cos t) dt घातले की

r² ∫ (1 − cos t)² dt, t = 0 ते 2π

उत्तर 3πr². शिकवताना माझ्यासमोर दोन चुका पुन्हा पुन्हा आल्या. एक, dx बदलून dt झाले तरी सीमा 0 ते 2πr अशाच ठेवायच्या. 2πr ही रस्त्यावरची लांबी आहे आणि t हा कोन, पण r = 1 घेतलेल्या उदाहरणात ही चूक लपून जाते. दुसरी चूक जास्त गमतीची. dx च्या जागी घाईत नुसते r dt लिहायचे. मग उत्तर 2πr² येते. हे उत्तर चूक आहे, पण निरर्थक नाही: ते नेमके रॉबेर्व्हालच्या सोबतिणीखालचे क्षेत्रफळ आहे. विद्यार्थ्याने चाकाचे फिरणे विसरून नुसते आसाचे सरकणे मोजले, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर पडताळायचे असेल तर कमानीच्या आत मावणारा त्रिकोण 2πr² चा आणि तिला वेढणारा आयत 4πr² चा आहे. खरे उत्तर या दोहोंच्या बरोबर मध्ये बसते.

लांबीची गोष्ट वेगळी आहे. १६३७ मध्ये देकार्तने लिहून ठेवले होते की सरळ आणि वाकड्या रेषांमधले गुणोत्तर माणसाच्या बुद्धीला कळण्यासारखे नाही. वीस वर्षांत त्याचे म्हणणे खोटे पडू लागले, आणि चक्रजाची पाळी १६५८ मध्ये आली. त्या वर्षी पास्कलने, दाढ ठणकत असताना मन रमवायला म्हणून रात्रभर या वक्राचा विचार केला अशी कथा आहे. मग त्याने टोपणनावाने सगळ्या युरोपातल्या गणितींना आव्हान दिले, बक्षिसासह. त्यात क्षेत्रफळे, घनफळे आणि गुरुत्वमध्ये विचारली होती. लांबी विचारलेलीच नव्हती. ती पाठवली लंडनच्या क्रिस्टोफर रेनने, ज्याने पुढे सेंट पॉलचे भव्य चर्च बांधले तोच. तेव्हा तो पंचविशीत होता आणि खगोलशास्त्र शिकवत असे.

रेनचे उत्तर: कमानीची लांबी चाकाच्या व्यासाच्या चौपट, म्हणजे 8r. ऐकणारे चकित झाले असतील, कारण यात π कुठेच नाही. वर्तुळाच्या फिरण्यातून जन्मलेली वाकडी रेषा, आणि लांबी सरळ पूर्णांकात. रॉबेर्व्हालने अर्थातच हे आपल्याला आधीपासून माहीत होते असे सांगितले. रेनची सिद्धता वॉलिसने १६५९ मध्ये छापली.

आजच्या रीतीने लांबी म्हणजे ठिपक्याच्या वेगाची बेरीज. dx/dt = r(1 − cos t) आणि dy/dt = r sin t. वर्गांची बेरीज 2r²(1 − cos t), म्हणजे 4r² sin²(t/2). वर्गमूळ घेतले की वेग 2r |sin(t/2)|. इथल्या दोन उभ्या रेघा टाळाव्यात असे प्रत्येकाला वाटते, आणि 0 ते 2π मध्ये टाळल्या तरी चालतात, कारण तिथे sin(t/2) धनच असतो. उत्तर बिनबोभाट 8r येते.

पण प्रश्न जर ‘दोन कमानींची लांबी काढा’ असा असेल आणि रेघा टाळून 0 ते 4π घेतले, तर उत्तर येते शून्य. एका परीक्षेच्या पेपरात मी ते खरोखर पाहिले आहे. खाली दोन रेघा मारून, ठळक. मुलाने संकलन अचूक केले होते. दुसऱ्या फेऱ्यात sin(t/2) ऋण होतो आणि पहिल्या कमानीची कमाई पुसून टाकतो. कुठे सावध व्हायचे हे चक्रज स्वतः दाखवतो: t = 2π ला वेग शून्य होतो, ठिपका क्षणभर जमिनीवर थांबतो आणि रेषेला टोक येते. वेग जिथे शून्य होतो तिथे सीमा तोडून प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा. मोजणे संपल्यावर एवढे पाहायचे की लांबी सुरुवात आणि शेवट यांच्यातल्या सरळ अंतरापेक्षा कमी तर नाही ना. एका कमानीला ते 2πr, म्हणजे सुमारे 6.28r. त्यामुळे 8r पटते. शून्य पटत नाही.

याहून अवघड सीमा रेल्वेच्या चाकाच्या कडेला लागतात. ती कड रुळाच्या वरच्या पृष्ठभागाखाली उतरते, म्हणजे तिच्यावरचा ठिपका r पेक्षा जास्त अंतरावर, समजा 1.1r वर असतो. मग x = rt − 1.1r sin t. गाडी पुढे जात असताना हा ठिपका रुळाखाली क्षणभर मागे जातो आणि रेषेला एक छोटी गाठ पडते. तिचे क्षेत्रफळ हवे असेल तर 0 ते 2π चा काही उपयोग नाही. रेषा स्वतःला जिथे छेदते तिथले t हवेत, आणि ते t = 1.1 sin t मधून येतात. याला नीटनेटके उत्तर नाही. आकडेमोड करत गेल्यावर t सुमारे ०.७४९ मिळतो. म्हणून सीमा −०.७४९ ते ०.७४९. एक पूर्ण फेरा घ्यायची सवय लागलेला हात इथे हमखास चुकतो.

रॉबेर्व्हालची रीत त्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, १६९३ मध्ये छापून आली. आणि बैलगाडीचे म्हणाल, तर साठ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ३.७७ मीटर पुढे जाते, आणि धावेवरचा चुन्याचा ठिपका बरोबर ४.८ मीटर चालतो.