कर-शीर्षबदल (वस्तू व सेवा कर)
आंतरराज्य विक्रीवर एकात्मिक कराऐवजी केंद्रीय व राज्य कर भरला गेल्यास करावयाची दुरुस्ती. नांदेड-लातूरच्या सीमाभागात ही चूक सहज होते. उदगीरच्या गिरणीने बीदरला २ लाखांची, लेबल लावलेल्या २५ किलोच्या पिशव्यांतली डाळ पाठवली, तर माल कर्नाटकात पोचत असल्याने ५ टक्क्यांनी १०,००० रुपये एकात्मिक कर लागतो. बिलात पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्र राहिले, तर तेच पैसे ५,००० अधिक ५,००० असे जमा होतात.

भरलेला कर परस्पर वळवता येत नाही. PMT-09 हा अर्ज रोख खात्यातील शिल्लक हलवतो, वापरलेली रक्कम नव्हे. म्हणून आधी १०,००० रुपये एकात्मिक शीर्षात नव्याने भरावे लागतात. एकात्मिक कर कायद्याच्या कलम १९(२)नुसार त्यावर व्याज नाही. मग RFD-01 अर्जाने जुन्या कराचा परतावा मागायचा. गिरणीचे भांडवल तोवर अडकते, हीच खरी झळ. चूक स्वतःच्या लक्षात आली तरी परतावा मिळतो, हे २५ सप्टेंबर २०२१च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. पत-चिठ्ठी काढून कर आधीच समायोजित केला असल्यास मात्र नाही. नियम ८९(१अ)नुसार मुदत योग्य शीर्षात कर भरल्यापासून २ वर्षे आहे.