गॅदरिंगचं भाषण तपासताय? चूक दुरुस्त करा, भाषण बदलू नका!

डिसेंबर-जानेवारी आला की शाळांमध्ये गॅदरिंगची गडबड सुरू होते आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहीच्या पानाचा एक फोटो येतो. सोबत मेसेज असतो, "जरा बघ ना, शुद्धलेखनाच्या चुका आहेत का?" ग्रुपमधले काका, मावशी, दादा पेन सरसावतात. संध्याकाळपर्यंत चुका दुरुस्त होतात खऱ्या, पण भाषण मात्र मुलीचं उरत नाही, ते काकांचं झालेलं असतं.

चूक दुरुस्त करणं वेगळं आणि भाषण नव्याने लिहिणं वेगळं. ही रेषा नेमकी कुठे असते, ते एका भाषणावरच पाहूया. खालचं भाषण आम्ही या लेखासाठी तयार केलेला नमुना आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या सातवीच्या एका मुलीने ते लिहिलंय असं समजा. यात मुलांच्या वहीत नेहमी दिसणाऱ्या चुका मुद्दाम ठेवल्या आहेत.

तपासण्याआधीचं भाषण

> आदरणिय मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक, पालक आणी माझ्या मित्र मैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार. आज आमच्या शाळेचे वार्षीक स्नेहसंमेलन आहे. या वर्षी आमची सहल औंढा नागनाथला गेली होती. तिथल्या मंदीरा भोवती आम्ही फिरलो. दुसर्या सत्रात आम्ही पाण्यावर नाटक बसवलो. नाटकात आम्ही लेकरं कयाधू नदी झालो होतो. आधी मला लई भीती वाटली, परंतू आमच्या बाईनी धीर दिला. शिक्षकानी फक्त धडे नाही, तर उभं राहून बोलायला शिकवल. पुढच्या वर्षी मी दुसरीकडे जाणार, पण ही शाळा माझ्या लक्षात राहील. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद, जय महाराष्ट्र.

पुढे जाण्याआधी तुम्हीच मोजून पाहा, किती चुका सापडतात? आमच्या हिशेबाने 11 जागा आहेत. त्यांतल्या 10 ठिकाणी सरळ दुरुस्ती करता येते. एका ठिकाणी मात्र आधी मुलीला विचारावं लागतं.

ऱ्हस्व-दीर्घ: कानाला न कळणाऱ्या चुका

पहिला गट वेलांटी-उकाराचा. "आदरणिय" नाही, "आदरणीय". माननीय, वंदनीय, पूजनीय अशा सगळ्या शब्दांत "णी" किंवा "नी" दीर्घच असते. "वार्षीक" मात्र "वार्षिक" हवं. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक या संस्कृतातून आलेल्या शब्दांतलं "इक" ऱ्हस्व असतं. स्वागतफलकांवर हे दोन शब्द उलटे-सुलटे लिहिलेले तुम्हीही पाहिले असतील.

"मंदीर" ही चूक समजण्यासारखी आहे. मराठी शब्दाच्या शेवटी "अ" असेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो, जसं विहीर, गरीब, फूल. मुलं तोच नियम "मंदिर"ला लावतात. पण "मंदिर" संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द आहे. असे शब्द मूळ रूपातच लिहितात. आणखी एक फरक लक्षात ठेवा. "विहीर"ला प्रत्यय लागला की "विहिरीत" होतं, वेलांटी ऱ्हस्व होते. "मंदिर"चं "मंदिरात" होतं, काहीच बदलत नाही.

शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार मराठीत बहुतेक वेळा दीर्घ असतात, जसं कवी, गुरू, भीती. म्हणून भाषणातलं "भीती" बरोबर आहे. "आणि" हा मात्र या नियमाला अपवाद. "परंतु", "तथापि" अशी तत्सम अव्ययंही ऱ्हस्वच लिहितात. म्हणून "आणी" आणि "परंतू" दोन्ही दुरुस्त करायचे.

हे नियम आले कुठून? अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतून. त्यांतले पहिले 14 नियम 1962 मध्ये आले, नंतर 1972 मध्ये आणखी 4 जोडले गेले. पाठ्यपुस्तकांचं आणि सरकारी मराठीचं लेखन आजही याच 18 नियमांवर चालतं. शिक्षकांशी वाद झालाच, तर "मला असं वाटतं" म्हणण्यापेक्षा हे नियम उघडून बघणं सोपं.

टिंब, स्पेस आणि ऱ: स्टेजवर ऐकू येणाऱ्या चुका

"वार्षीक" लिहिलं काय किंवा "वार्षिक" लिहिलं काय, माइकवरून ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. पुढच्या चुका मात्र वाचताना जिभेवर येतात. वेळ कमी असेल, तर या आधी बघा.

"शिक्षकानी" लिहिताना टिंब गेलं. इथलं टिंब अनेकवचनाची खूण आहे. एक शिक्षक असेल तर "शिक्षकाने", अनेक असतील तर "शिक्षकांनी". "बाईनी" लिहितानाही तेच झालंय. बाई एकच आहेत, पण आदराने बोलताना आपण अनेकवचन वापरतो, म्हणून "बाईंनी". पालकांना, पाहुण्यांचे, मुख्याध्यापकांनी हे शब्दही असेच तपासा.

"शिकवल" या शब्दावरचंही टिंब राहिलंय. तिथे "शिकवलं" करायचं, "शिकवले" नाही! मुलीने बोलण्यातलं रूप निवडलंय आणि असं रूप शेवटच्या अक्षरावर टिंब देऊन लिहायची सोय नियमांतच आहे. आपण फक्त सुटलेला ठिपका द्यायचा.

"मंदीरा भोवती" लिहिताना वेलांटीसोबत स्पेसही चुकली आहे. भोवती, जवळ, साठी, मुळे, पासून हे शब्द मागच्या शब्दाला चिकटून येतात, म्हणून "मंदिराभोवती". "मित्रमैत्रिणींनो" हाही एकच जोडशब्द आहे. मधे जागा सोडली की वाचणारी मुलगी तिथे थांबते आणि वाक्य तुटतं.

आता मोबाइलवर टाइप करणाऱ्यांची खास अडचण, "दुसर्या". साध्या "र"ला "य" जोडला की "र" वर जाऊन रफार बनतो आणि शब्द "सूर्या"सारखा वाचला जातो. आपल्याला हवाय "दुसऱ्या". त्यासाठी कीबोर्डवरचं "ऱ" हे खाली टिंब असलेलं अक्षर शोधा आणि या क्रमाने टाइप करा:

```
ऱ + ् + य = ऱ्य
```

हा फरक किरकोळ नाही. "आचार्यांना" म्हणजे गुरूंना आणि "आचाऱ्यांना" म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना!

"नाटक बसवलो": आधी विचारा

आता अकरावी जागा. "आम्ही फिरलो" बरोबर आहे, मग "आम्ही नाटक बसवलो" का नाही?

"फिरणे" क्रियापदाला कर्म लागत नाही, म्हणून ते "आम्ही"प्रमाणे चालतं. "बसवणे"ला कर्म लागतं. काय बसवलं? नाटक. भूतकाळात असं क्रियापद प्रमाण मराठीत कर्माप्रमाणे बदलतं, म्हणजे नाटक बसवलं, एकांकिका बसवली, पोवाडा बसवला. बोलणारा "मी" असो की "आम्ही", फरक पडत नाही. (बोलणे, शिकणे, विसरणे अशी थोडी क्रियापदं अपवाद आहेत, "मी धडा शिकलो" चालतं.)

पण मराठवाड्यात आणि सोलापूरकडे बऱ्याच घरांत "मी काम केलो", "आम्ही जेवण केलो" असं सहज बोलतात. मुलीने घरी ऐकलेलं रूप लिहिलंय, तिच्याकडून काही निसटलेलं नाही. म्हणून इथे गुपचूप खोडू नका. पेन्सिलने खूण करा आणि सांगा, "परीक्षेत आणि पुस्तकात 'बसवलं' लिहितात. भाषणात काय म्हणशील?" आमच्या नमुन्यात मुलीने "बसवलं" घ्यायचं ठरवलं असं धरू. हे शिकून तिने केलेलं असेल, तर पुढच्या निबंधात ती चूक पुन्हा येणार नाही.

जिथे हात लावायचाच नाही

"लेकरं" हा शुद्ध मराठी शब्द आहे. त्याजागी "बालके" टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. "लई" बोलीतला शब्द आहे, पण तो मुलीच्या भीतीचं माप सांगतो. "अत्यंत" लिहिलं की ती भीती कुणा दुसऱ्याची वाटते. "कयाधू नदी झालो होतो" हे वाक्य तर भाषणातलं सगळ्यात जिवंत वाक्य आहे. त्याचं "कयाधू नदीची भूमिका साकारली होती" केलं की ते कुठल्याही भाषणातलं होतं.

"शाळेचे" आणि "उभं" अशी दोन्ही वळणं भाषणात आली आहेत. सगळं एकसारखं करायचा मोह होईल, पण बोलताना आपण सगळेच असं मिसळतो. शेवटचं "दोन शब्द संपवते" गुळगुळीत झालंय, मान्य. पण ते चूक नाही. तुम्हाला कंटाळा आला म्हणून मुलीचं वाक्य बदलायचं नसतं. आणि औंढा, वसमत, कळमनुरी अशा नावांवर नियम चालवू नका. गावाचं नाव लिहितात तसंच राहू द्या.

तपासल्यानंतरचं भाषण

> आदरणीय मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक, पालक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार. आज आमच्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन आहे. या वर्षी आमची सहल औंढा नागनाथला गेली होती. तिथल्या मंदिराभोवती आम्ही फिरलो. दुसऱ्या सत्रात आम्ही पाण्यावर नाटक बसवलं. नाटकात आम्ही लेकरं कयाधू नदी झालो होतो. आधी मला लई भीती वाटली, परंतु आमच्या बाईंनी धीर दिला. शिक्षकांनी फक्त धडे नाही, तर उभं राहून बोलायला शिकवलं. पुढच्या वर्षी मी दुसरीकडे जाणार, पण ही शाळा माझ्या लक्षात राहील. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद, जय महाराष्ट्र.

आपण मर्यादा ओलांडली का, कसं ओळखाल?

एक सोपी कसोटी आहे. तपासण्याआधीचे आणि नंतरचे शब्द मोजा. आमच्या भाषणात फक्त दोन शब्द कमी झाले, कारण दोन जागी सुटे शब्द जोडले गेले. वाक्यं तेवढीच राहिली आणि त्यांचा क्रमही तोच राहिला. तुमच्या दुरुस्तीत शब्द दहा-पंधराने वाढले असतील, तर तुम्ही तपासत नव्हता, लिहित होता.

दुसरी कसोटी मुलीकडेच आहे. दुरुस्त पान तिला एकदा मोठ्याने वाचायला द्या. जिथे ती अडखळेल, तिथे बहुतेक वेळा एकतर टिंब किंवा स्पेस राहिलेली असते, नाहीतर तिथे तुमचा शब्द घुसलेला असतो. तो काढा आणि तिचा परत ठेवा.

आणि ग्रुपवर उत्तर देताना पूर्ण भाषण पुन्हा टाइप करून पाठवू नका. "आणी → आणि", "बाईनी → बाईंनी" अशी यादी पाठवा. वहीत खोडून नवा शब्द लिहायचं काम मुलीलाच करू द्या.