राखाडी पान: झेरॉक्सपासून लेझरपर्यंत एका उलट्या गोष्टीचा इतिहास

जुलैमधली गोष्ट. आमच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीने थीसिसच्या चौथ्या प्रकरणाचा मसुदा डिपार्टमेंटच्या लेझर प्रिंटरवर काढला. अक्षरं फिकट आली, म्हणून तिने प्रिंटरच्या सेटिंगमधली Print Density तीनवरून पाचवर नेली. अक्षरं काळी झाली, पण आता सगळ्या पानावर राखाडी धूळ बसल्यासारखी दिसत होती. त्या पानावर एका जेलचा फोटो होता, आणि त्यात एक अगदी पुसट बँड होता. गाईडनी पेनाने तिथे गोल करून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. बँड खरा होता, पण पान बघून तो बँड आहे की प्रिंटरचा मळ आहे, हे ठरवता येत नव्हतं.

रिफिल करणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "टोनर भरून देतो, होईल." प्रिंटरशेजारी बसणारे क्लार्क काका म्हणाले, "ड्रम गेला की प्रिंट फिकट येते, राखाडी नाही. आम्ही झेरॉक्स मशीन पंधरा वर्षं चालवलंय." काकांचं म्हणणं जुन्या झेरॉक्स मशीनबद्दल अगदी बरोबर होतं. लेझर प्रिंटरबद्दल मात्र ते अर्धंच बरोबर होतं. असं का, हे कळायला १९३८ मध्ये जावं लागतं.

चेस्टर कार्लसन हा भौतिकशास्त्र शिकलेला माणूस न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करत होता. कागदपत्रांच्या नकला हाताने काढणं किंवा फोटो स्टुडिओतून करून घेणं, दोन्ही त्याला नकोसं झालं होतं. त्याने ऑटो कोर्नेई नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाला मदतीला घेतलं. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका खोलीत दोघांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. खिडकीचा पडदा ओढून अंधार केला आणि सुती रुमालाने गंधक घासलं, म्हणजे त्यावर स्थिर विद्युतभार बसला. काचेच्या स्लाइडवर काळ्या शाईने 10-22-38 ASTORIA असं लिहिलेलं होतं. ती स्लाइड पत्र्यावर ठेवून काही सेकंद दिव्याचा उजेड पाडला. जिथे उजेड पोचला तिथला भार निघून गेला, आणि शाईच्या सावलीत मात्र तो टिकला. मग वर लायकोपोडियमची भुकटी टाकली आणि जास्तीची फुंकून काढली. अक्षरांपुरती भुकटी चिकटून राहिली. ती मेणकागदावर उचलून तो तापवला, आणि जगातली पहिली कोरडी नक्कल तयार झाली.

आता यात एक गोष्ट नीट बघा. भार अक्षरांच्या जागी होता आणि कोऱ्या जागेवरचा भार उजेडाने काढून टाकला होता. म्हणजे या पद्धतीत चांगल्या पानासाठी दोन अटी होत्या. अक्षरांखाली भार पुरेसा बसला पाहिजे, नाहीतर अक्षर फिकट येईल. आणि कोऱ्या भागातला भार पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर उरलेल्या भारावर भुकटी बसून पान राखाडी दिसेल. पुढची वीस वर्षं संशोधन झालं त्यातलं बरंचसं या दोन अटींमागे धावण्यातच गेलं. कार्लसनला वीसहून अधिक कंपन्यांनी नकार दिला. अखेर १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने काम हाती घेतलं. तिथे गंधकाऐवजी सेलेनियम आलं, कारण ते उजेडाला कितीतरी जास्त प्रतिसाद देतं. रुमालाने घासण्याऐवजी उच्च दाबाची बारीक तार वापरून सगळ्या पृष्ठभागावर सारखा भार द्यायची सोय झाली. हॅलॉइड कंपनीने हक्क घेतले, 'झेरोग्राफी' हा शब्द ग्रीकमधल्या 'कोरडं लेखन' या अर्थाने १९४८ मध्ये जाहीर केला, आणि १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे सुमारे तीनशे किलोचं मशीन बाजारात आलं.

त्या काळातली एक अडचण मला फार आवडते. सुरुवातीच्या यंत्रांमध्ये अक्षरं छान यायची, पण मोठा काळा चौकोन काढला तर कडा काळ्या आणि मधला भाग पोकळ, फिकट यायचा. कारण विद्युतक्षेत्र जोरदार असतं ते भारित आणि अभारित भागांच्या सीमेवर. मधे सगळीकडे सारखाच भार असेल, तर भुकटीला ओढणारं क्षेत्र तिथे कमी पडतं. उपाय म्हणून ड्रमच्या अगदी जवळ एक धातूचा पृष्ठभाग आणला आणि त्याला ठरावीक व्होल्टेज दिलं. आजच्या प्रिंटरमधला, टोनर वाहून आणणारा रोलर हेच काम करतो. आपण Print Density बदलतो तेव्हा मुख्यतः बदलतं ते याच रोलरचं व्होल्टेज. टोनर जास्त सांडतो वगैरे काही होत नसतं.

आता गोष्ट उलटते. गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्समध्ये आधी न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टरला आणि १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या पार्क संशोधन केंद्रात लेझरने थेट ड्रमवर लिहायचं यंत्र उभं केलं. त्याचा व्यापारी अवतार १९७७ मध्ये आला. मग १९८४ च्या एचपी लेझरजेटने, आत कॅननचं यंत्र घेऊन, तो टेबलावर आणला. कॉपियरमध्ये उजेड कोऱ्या कागदावरून परावर्तित होऊन येतो, त्यामुळे कोऱ्या जागेचाच भार निघणार, दुसरा पर्याय नाही. लेझरला तसं बंधन नाही. पानाचा बहुतांश भाग कोरा असतो, मग लेझर फक्त अक्षरं असतील तिथेच पेटवावा हे सोयीचं. म्हणून आजच्या बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये भार निघतो तो अक्षरांच्या जागचा, आणि कोरी जागा भारित राहून टोनरला दूर ठेवते. टोनरवरही ड्रमच्याच चिन्हाचा, म्हणजे ऋण भार असतो.

काकांचा नियम इथे उलटतो. जुन्या मशीनमध्ये ड्रमला भार धरता आला नाही की अक्षर फिकट व्हायचं. लेझरमध्ये ड्रमला भार धरता आला नाही की कोरी जागा राखाडी होते.

आकडे घालून बघू. हे ढोबळ, समजण्यापुरते आकडे आहेत, प्रत्येक यंत्राचे वेगळे असतात. नव्या ड्रमवर कोऱ्या जागी उणे ६०० व्होल्ट, लेझर पडला तिथे उणे १००, आणि रोलरवर उणे ३५०. अक्षर आणि रोलर यांत २५० चा फरक आहे, तो टोनरला ड्रमवर ढकलतो. कोरी जागा आणि रोलर यांतही २५० चाच फरक आहे, तो टोनरला मागे ठेवतो. आता ड्रम झिजला. त्याच्यावरचा सेंद्रिय थर जेमतेम वीस-तीस मायक्रॉनचा असतो, आणि साफ करणारी पट्टी तो फेरागणिक घासत असते. थकलेल्या थरातून भार अंधारातच गळायला लागतो, आणि लेझर पडला तरी पूर्ण निघत नाही. समजा कोरी जागा उणे ४८० वर आली आणि अक्षराची जागा उणे २०० वर अडकली. अक्षराचा फरक २५० वरून १५० झाला, म्हणून प्रिंट फिकट. आता Print Density वाढवून रोलर उणे ४५० वर नेला. अक्षराचा फरक पुन्हा २५०, अगदी नव्यासारखा. पण कोऱ्या जागेचा फरक उरला फक्त ३०. त्या पानावर नेमकं हेच झालं होतं. फिकटपणा आणि राखाडीपणा हे दोन वेगळे रोग नव्हते, एकाच झिजलेल्या ड्रमची ती दोन टोकं होती, आणि सेटिंग त्यांच्यामध्ये फक्त इकडून तिकडे सरकत होतं.

अर्थात हा तर्क झाला, पुरावा नव्हे. टोनर संपत आल्यावरही प्रिंट फिकट येते. पण ती सहसा पानाच्या एका उभ्या पट्ट्यात आधी येते, आणि कार्ट्रिज काढून आडवं धरून चार-पाच वेळा हलकेच हलवलं की काही पानं सुधारते. आम्ही हलवलं, फरक पडला नाही. EconoMode चालू राहिलं नाही ना तेही पाहिलं. पावसाळ्यात दमट कागदामुळे टोनर कागदावर नीट उतरत नाही, म्हणून नवं बंद पाकीट फोडून पाहिलं. तसंच. मग कोरं पान प्रिंट करायला दिलं आणि अर्ध्यात पुढचं झाकण उघडून मशीन थांबवलं. कार्ट्रिज काढून ड्रमकडे पाहिलं तर जिथे काहीच छापायचं नव्हतं तिथेही त्यावर पातळ काळी धूळ होती. म्हणजे गोंधळ कागदापर्यंत पोचायच्या आधीच झाला होता. (ड्रम बघताना उजेडात मिनिटभरही ठेवू नका, आणि बोट लावू नका. आमच्याकडे एकाने लावलं, पुढे प्रत्येक पानावर त्याचा ठसा.)

उरला प्रश्न: ड्रम की रिफिलमधला टोनर? इथे उलटं चिन्ह कामाला येतं. वेगळ्या जातीचे टोनर मिसळले की काही कणांवर चुकून धन भार येतो. असे कण कोऱ्या, जास्त ऋण जागेकडे ओढले जातात. म्हणून Print Density कमी केली की त्यांचा राखाडीपणा कमी होत नाही, उलट वाढू शकतो. आमच्याकडे पाचवरून तीनवर आल्याबरोबर पान स्वच्छ झालं, अक्षरं फिकट झाली. म्हणजे टोनरवर संशय घ्यायचं कारण फारसं उरलं नाही. शिवाय पानावर एक बारीक ठिपका पुन्हा पुन्हा येत होता, पट्टीने मोजला तर दर साडेसात सेंटीमीटरवर. या कार्ट्रिजमधला ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा, त्याचा परिघ ७५ मिलिमीटर. ठिपका ड्रमचाच होता.

लेझरजेटच्या काळात ड्रम, टोनर आणि सफाईची पट्टी हे सगळं एकाच कार्ट्रिजमध्ये घातलं गेलं, म्हणजे टोनर संपला की ड्रमही आपोआप बदलला जावा. रिफिलने तो मेळ मोडतो. आमचं कार्ट्रिज तीनदा भरलेलं होतं आणि ड्रम पहिल्यापासूनचाच. रिफिल करणाऱ्याला ठिपक्यांचं पान दाखवून नवा ड्रम बसवायला सांगितलं, साफ करणारी पट्टीही बदलून घेतली, आणि वाया गेलेल्या टोनरचा गच्च भरलेला कप्पा त्याने आमच्यासमोर रिकामा केला. Print Density तीनवर ठेवून जेलचं पान परत काढलं. पुसट बँड पांढऱ्या कागदावर पुसटच दिसत होता, पण वेगळा दिसत होता. गाईडनी या वेळी त्याच्याशेजारी किलोडाल्टन लिहायला सांगितले.