अणुत्रिज्येचा आवर्ती कल

अणुत्रिज्येचा आवर्ती कल : आधुनिक आवर्तसारणीत आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार लहान होत जातो, तर गणात वरून खाली येताना तो मोठा होत जातो. दोन्ही बदलांत केंद्रकातील प्रोटॉन वाढतात आणि तितकेच इलेक्ट्रॉनही वाढतात. तरीही परिणाम उलटे होतात, कारण नवा इलेक्ट्रॉन कोणत्या कवचात जातो यावर सर्व अवलंबून असते.

प्रभावी केंद्रकीय प्रभार : बाह्यतम इलेक्ट्रॉनाला केंद्रकाचा सगळा धनप्रभार जाणवत नाही. त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये असलेले इलेक्ट्रॉन त्या आकर्षणाचा मोठा भाग झाकतात. याला परिरक्षण म्हणतात आणि उरलेल्या आकर्षणाला प्रभावी केंद्रकीय प्रभार. अमेरिकी भौतिकीविज्ञ जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये तो अदमासे काढण्याचे सोपे नियम मांडले. बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनासाठी (s आणि p उपकवचांत) त्याच कवचातील प्रत्येक सोबती ०·३५, लगतच्या आतल्या कवचातील प्रत्येक इलेक्ट्रॉन ०·८५ आणि त्याहून आतला प्रत्येक इलेक्ट्रॉन पूर्ण १ इतका प्रभार झाकतो. अणूचा आकार स्थूलमानाने बाह्यतम कवचाच्या क्रमांकाच्या वर्गाबरोबर वाढतो आणि प्रभावी प्रभार वाढला की घटतो.

आवर्तात : तिसऱ्या आवर्तातील सोडिअमची इलेक्ट्रॉन मांडणी २, ८, १ अशी आहे. दुसऱ्या कवचातील आठ इलेक्ट्रॉन मिळून ६·८ आणि पहिल्यातील दोन मिळून २ असा एकूण ८·८ प्रभार झाकतात. म्हणून ११ पैकी बाह्य इलेक्ट्रॉनाला २·२ एवढाच प्रभार जाणवतो. क्लोरिनाची मांडणी २, ८, ७ अशी आहे. आतली दोन कवचे तीच असल्याने तीही ८·८ झाकतात. बाह्य कवचातले उरलेले सहा सोबती २·१ ची भर घालतात आणि १७ पैकी ६·१ शिल्लक राहतो. प्रत्येक पावलाला केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात जाऊन फक्त ०·३५ झाकतो. उरलेली ०·६५ ची ओढ बाह्य कवचाला आत खेचते. सहसंयुज त्रिज्या सोडिअमची १६६, मॅग्नेशिअमची १४१, ॲल्युमिनिअमची १२१ आणि क्लोरिनाची १०२ पिकोमीटर आहे. सुरुवातीच्या घटी मोठ्या आणि शेवटच्या लहान दिसतात. याचे एक कारण असे, की २·२ मध्ये ०·६५ ची भर सुमारे तीस टक्के होते, पण ५·४५ मध्ये जेमतेम बारा टक्के.

गणात : सोडिअमखालच्या पोटॅशिअमच्या केंद्रकात १९ प्रोटॉन आहेत, म्हणजे सोडिअमपेक्षा आठ जास्त. मांडणी २, ८, ८, १ असल्याने आतले इलेक्ट्रॉन १६·८ प्रभार झाकतात आणि शिल्लक राहतो पुन्हा २·२. वाढलेला सर्व धनप्रभार वाढलेल्या आतल्या इलेक्ट्रॉनांनी झाकला जातो. बाह्य इलेक्ट्रॉनाला जाणवणारी ओढ तेवढीच राहते, पण तो तिसऱ्याऐवजी चौथ्या कवचात असतो. म्हणून पोटॅशिअमची त्रिज्या २०३ पिकोमीटरपर्यंत वाढते. स्लेटरचे नियम बदलाची दिशा नेमकी सांगतात, मात्र त्यांतून मिळणारे आकडे मोजलेल्या त्रिज्येशी तंतोतंत जुळत नाहीत.

मोजमापातील सावधगिरी : अणूला ठाम कड नसते. त्यामुळे त्रिज्या म्हणजे बहुधा शेजारच्या दोन केंद्रकांमधील अंतराचा निम्मा भाग, आणि ते अंतर अणू कसे जोडले आहेत यावर ठरते. सहसंयुज बंधाऐवजी धातूच्या स्फटिकात मोजली, तर सोडिअमचीच त्रिज्या १८६ पिकोमीटर येते. काही तक्त्यांत क्लोरिनासमोर १०२ आणि आर्गॉनासमोर १८८ असे आकडे दिसतात आणि आवर्ताच्या टोकाला अणू एकदम फुगला असे वाटते. पण आर्गॉनाचा आकडा एकमेकांशी बंध नसलेल्या अणूंचा, म्हणजे व्हान डर वाल्स त्रिज्येचा आहे. त्याच प्रकारे मोजल्यास क्लोरिनाची त्रिज्या १७५ येते. दोन्ही अणूंच्या त्रिज्या एकाच पद्धतीने गणिताने काढल्या, तर क्लोरिनाची ७९ आणि आर्गॉनाची ७१ मिळते, म्हणजे कल मोडत नाही.

अपवाद : गणातली वाढ सर्वत्र सारखी नसते. चौथ्या गणात झिर्कोनिअमखाली हाफ्निअम आहे. एक कवच वाढूनही दोघांच्या त्रिज्या जवळजवळ समान आहेत. मधल्या लँथॅनाइड श्रेणीत १४ इलेक्ट्रॉन 4f उपकवचात भरले जातात. ते केंद्रकाला फार कमी झाकतात, त्यामुळे वाढलेल्या प्रोटॉनांची ओढ बाहेरपर्यंत पोहोचते आणि नव्या कवचामुळे होणारी वाढ खाऊन टाकते. आकार आणि रासायनिक वर्तन इतके सारखे असल्याने हाफ्निअम निसर्गात झिर्कोनिअमच्या खनिजांतच मिसळलेले आढळते. १९२३ मध्ये कोपनहेगन येथे डर्क कॉस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी ते क्ष-किरण वर्णपटावरून ओळखले. रासायनिक परीक्षणाला न दिसणारा ७२ हा अणुक्रमांक त्या वर्णपटातील रेषांच्या जागांवरून थेट कळला.