विलंबित देयकावरील व्याजाची नोटीस

सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने ठरलेल्या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला पाठवलेली लेखी मागणी. भारतात तिचा आधार २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, कलमे १५ ते १७. उधारीची मुदत कितीही लिहून घेतली, तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे ती जात नाही. ऑर्डरवर ‘९० दिवस’ छापणारे मोठे खरेदीदार हे सोयीने विसरतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरतात. म्हणून सही-शिक्क्याचे चलन जपावे.

व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. समजा, चाकणच्या कारखान्याने ४ लाखांचे सुटे भाग १ एप्रिलला पोचवले, करार ६० दिवसांचा होता आणि पैसे १६ ऑगस्टला आले. मुदत १६ मे रोजीच संपली. बँक दर ६ टक्के धरल्यास व्याज वार्षिक १८, म्हणजे महिना दीड टक्का. तीन महिन्यांचे सुमारे १८,२७१ रुपये.

नोटिशीत बिल, चलन, स्वीकृतीची तारीख, उद्यम नोंदणी क्रमांक आणि व्याजाचा तक्ता द्यावा. नोंदणी पुरवठ्याआधीची असावी. नंतरची असल्यास वाद उभा राहतो. दाद न मिळाल्यास कलम १८ अन्वये सुलभीकरण परिषदेकडे जाता येते. परिषदेचा निवाडा न्यायालयात आव्हानित करण्यापूर्वी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागते.