दगडू बोलतो, दया ऐकतो

मंडळी, आपण आज वांद्रे पूर्वेला जमलोय. लेखकांची वसाहत म्हणून ओळखला जाणारा साहित्य सहवास इथून जवळच आहे. पण आज आपण बोलणार आहोत ते आठवणी लिहिणाऱ्या साध्या माणसाच्या भाषेबद्दल.

आम्ही इथे आठवणी लिहिणाऱ्यांसोबत बसतो. एका गृहस्थांनी सुरुवात केली होती : ‘जीवनाच्या सायंकाळी भूतकाळाच्या गवाक्षातून डोकावताना मन हेलावते.’ आम्ही म्हटलं, वही मिटा आणि नुसतं सांगा. ते म्हणाले, ‘चाळीत पाणी पहाटे चारला यायचं. आई हंडा धरायला मला उठवायची. मी उभ्या उभ्या झोपायचो.’ पहिलं वाक्य कोणाच्याही आत्मचरित्रात चालेल. दुसरं फक्त त्यांचंच.

मग ते गवाक्ष आलं कुठून? शाळेतल्या निबंधातून, हे खरंच. पण लेखनाच्या नियमातही एक धागा सापडतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांप्रमाणे ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ ही बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी चालतात. एरवी ‘असे केले’ लिहायचं. कादंबरीत ही वाटणी सोपी आहे. आत्मकथनात मात्र सांगणाराच पात्र असतो. तो लेखक म्हणून ‘केले’ लिहिणार, की माणूस म्हणून ‘केलं’ म्हणणार?

१९७८ साली ग्रंथालीने दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं. नाव बघा, ‘बलुते’ नव्हे, ‘बलुतं’. उच्चार थेट मुखपृष्ठावर आला. आत दोन माणसं आहेत. जन्मनावाचा दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, आणि ती ऐकतो दया पवार, म्हणजे लिहिता-वाचता झालेला, कवी म्हणून ओळखला जाणारा तोच माणूस. गावचा महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना दगडूच्या तोंडून येतो. उसन्या साहित्यिक सुराचा धोका दयाला होता, म्हणून बोलायचं काम दगडूकडे गेलं, असा आम्ही त्या रचनेचा अर्थ लावतो.

इथे एक चूक नेहमी होते. लोक ‘केले’चं ‘केलं’ करतात आणि थांबतात. ‘गवाक्षातून डोकावताना मन हेलावलं’ लिहिलं तरी सूर उसनाच राहतो. उलट ‘आई मला उठवत असे’ हे पुस्तकी रूप असूनही खरं वाटू शकतं, कारण त्यात आई आहे, पहाट आहे, काम आहे. म्हणजे शेवटचा अनुस्वार ही फक्त खूण. खरा प्रश्न, आपण हे कोणाला सांगतोय?

त्या गृहस्थांना आम्ही तेच विचारलं. ते म्हणाले, ‘धाकट्या भावाला. तो तेव्हा झोपलेला असायचा, त्याला यातलं काहीच माहीत नाही.’ मग त्यांनी पहिलं पान फाडलं आणि हंड्यापासून लिहायला घेतलं.